बोलावणं आलंय, पण कुणाचं?

‘यंदा पंढरीला जायचंय’ असं कुणी म्हटलं की घरातलं एखादं जुनं माणूस हमखास दुरुस्ती करतं. ‘जायचंय’ म्हणू नये, ‘बोलावणं आलं तर घडेल’ असं म्हणावं. तीर्थयात्रा आपण करत नाही, ती घडते, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की रेल्वेचं आरक्षण हातात असलेला माणूसही ती बोलून दाखवतो. या बोलावण्याची सगळ्यांत ठळक रीत म्हणजे स्वप्न. कुणाला देवळाच्या पायऱ्या दिसतात, कुणाला नुसता कळस. कुणाच्या दारात हिरव्या लुगड्यातली सवाष्ण येऊन उभी राहते आणि न बोलता निघून जाते. सकाळी चहाच्या वेळी त्याची चर्चा होते आणि महिन्या-दोन महिन्यांत घरातले चौघे प्रवासाला निघतात.

बाहेरून पाहणाऱ्याला यात भाबडेपणा दिसतो. स्वप्न पडलं आणि निघाले! पण अशा घरात थोडं बसून ऐकलं तर वेगळंच दिसतं. स्वप्नावर पहिली शंका घरातच घेतली जाते, आणि ती घेणारी माणसं नास्तिक नसतात. ज्याला दृष्टांत म्हणतात तो झाला की नाही, हे ठरवायच्या भाविकांच्या कसोट्या बऱ्याच कडक आहेत, आणि त्या आजच्याही नाहीत.

चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. जे डोळ्यांनी पाहिलं त्याचं स्वप्न ते दृष्ट, जे कानांनी ऐकलं त्याचं श्रुत, जे अनुभवलं त्याचं अनुभूत. ज्याची मनातून मागणी केली ते प्रार्थित, आणि ज्याची नुसती कल्पना केली ते कल्पित. सहावं भाविक, म्हणजे पुढे होणाऱ्या गोष्टीचं, आणि सातवं दोषज, म्हणजे शरीरातले वात-पित्त-कफ बिघडल्यामुळे पडणारं. यातली पहिली पाचही निष्फळ समजावीत, असं चरक वैद्याला बजावतो. दिवसा पडलेलं स्वप्न, फार आखूड आणि फार लांबलेलं स्वप्न, हीसुद्धा तो बाजूला काढतो. म्हणजे काल रात्री मोबाइलवर आषाढीची गर्दी पाहिली आणि पहाटे वाळवंट दिसलं, तर चरकाच्या हिशेबी ते दृष्ट झालं. ‘एकदा तरी तिरुपती घडू दे’ म्हणून वर्षभर घोकलं आणि स्वप्नात बालाजी दिसला, तर ते प्रार्थित. दोन्ही बाद! इतकी बारीक चाळणी लावल्यावर वर उरतं ते फारच थोडं.

वेळेचा नियमही असाच जुना. मत्स्यपुराणात रात्रीच्या प्रहरांप्रमाणे फळाची मुदत दिली आहे: पहिल्या प्रहरातल्या स्वप्नाचं फळ वर्षानं, दुसऱ्यातल्याचं सहा महिन्यांनी, तिसऱ्यातल्याचं तीन महिन्यांनी, चौथ्यातल्याचं महिन्यानं आणि अरुणोदयाच्या वेळच्याचं दहा दिवसांत. ‘पहाटेचं स्वप्न खरं होतं’ हे आजीचं म्हणणं याच वाटेचं. झोपेचा अभ्यास करणारे सांगतात की डोळ्यांची बुबुळं जलद हलतात त्या झोपेत स्पष्ट स्वप्नं जास्त पडतात, आणि या झोपेचे टप्पे रात्र सरत जाते तसे लांबत जातात. शिवाय स्वप्नातून थेट जाग आली तर ते आठवतं. म्हणून पहाटेचं स्वप्न आपल्याला ठळक वाटतं. ते खरं होण्याशी या झोपेचा संबंध कुणी दाखवलेला नाही, पण आजीचं निरीक्षण अर्धं तरी बरोबर होतं.

आता ही चाळणी घरात कशी चालते ते पाहू. सोलापूरकडच्या माझ्या ओळखीच्या एका घरात थोरल्या सुनेला पहाटे स्वप्न पडलं. ती तुळजापूरला पायऱ्या उतरत होती. तिथलं देऊळ खोलात आहे, दर्शनाला पायऱ्या उतरून जावं लागतं. ती गोमुखाखाली हातपाय धुऊन पुढे गेली, ओटी भरायला पदर पसरला, आणि पाहते तर ताटात काहीच नाही. ना खण, ना नारळ. मागून कुणी तरी म्हणालं, ‘रिकामीच आलीस?’

तिनं सकाळी हे सासूबाईंना सांगितलं. त्या घरात सासूला आत्या म्हणतात. आत्यांनी ‘चला तुळजापूरला’ असं म्हटलं नाही. त्यांनी उलटतपासणी सुरू केली. किती वाजता पडलं? परत झोपलीस का त्यानंतर? काल रात्री काय खाल्लंस? टीव्हीवर देवीचं काही बघितलं होतंस का? मागून बोलली ती बाई होती की बाप्या? तोंड दिसलं का? ‘आत्या, मला नुसता आवाज आला,’ सून म्हणाली. आत्यांनी पुढचा प्रश्न केला तो मात्र स्वप्नाबद्दलचा नव्हता. ‘धाकट्याच्या लग्नाचा गोंधळ घातला होता का गं आपण?’

नव्हता घातला. लग्न टाळेबंदीतलं, मोजक्या माणसांत उरकलेलं. गोंधळ ‘पुढे बघू’ म्हणून राहिला आणि मग सगळेच विसरले. नव्या जोडप्याला देवीला नेणंही राहिलं होतं. आत्यांच्या दृष्टीनं स्वप्नाचा उलगडा तिथं झाला. देवी रागावली, असं त्यांनी म्हटलं नाही. ‘देणं राहिलंय, आठवण केली तिनं,’ एवढंच म्हणाल्या.

मला या उत्तरात मोठं शहाणपण दिसतं. दृष्टांताचा अर्थ लावताना अनुभवी बायका स्वप्नातल्या खुणांपेक्षा घरातल्या हिशेबाकडे आधी बघतात. काय राहिलंय? कुणाचा नवस फेडायचा राहिला, कुणाच्या जावळाचं ठरलं होतं, कुळधर्म कोणत्या वर्षापासून चुकला? मानसशास्त्राचा अभ्यासक म्हणेल की राहून गेलेल्या कामाची टोचणी सुनेच्या मनात होती आणि ती स्वप्नातून वर आली. आत्या म्हणतील, देवीनं आठवण केली. आठवण कुणी केली यावर दोघांचं पटणार नाही, पण काय राहिलंय याचा शोध दोघंही एकाच जागी घेतील.

मग त्या घरानं काय केलं? आधी घरी गोंधळ घातला. गोंधळी आले, पाटावर चौक मांडला, कलश ठेवला, ज्वारीच्या धाटांचा मांडव केला, दिवटी पेटली. संबळ आणि तुणतुण्याच्या साथीनं गोंधळी एकेका गावच्या देवाचं नाव घेऊन त्याला गोंधळाला यायचं आमंत्रण देतात. हे ऐकताना गंमत वाटते. ज्या देवीनं स्वप्नात येऊन बोलावलं असं घर मानतं, तिला आता घर आपल्या अंगणात बोलावतंय. गोंधळानंतर नवं जोडपं, सून आणि आत्या तुळजापूरला जाऊन आले. देवीच्या झोपेचा काळ टाळून गेले, हेही सांगायला हवं. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. नवरात्राच्या आधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. याला मंचकी निद्रा म्हणतात. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की कोजागरीपर्यंत पुन्हा निद्रा असते, आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधीही. भक्तांच्या झोपेत जाऊन त्यांना उठवणारी देवी स्वतः वर्षातून तीनदा झोपते, आणि त्या काळात तिला सिंहासनावर बघायचं म्हणून कुणी हटून बसत नाही.

गोव्यात आणि तळकोकणात पडताळणीची आणखी एक पायरी आहे, आणि ती देवळातच आहे. स्वप्न पडलं, अर्थ लागला, तरी मन घट्ट होत नसेल तर देवालाच विचारायचं. कोकणात याला कौल लावणं म्हणतात, गोव्यात प्रसाद घेणं. पुजारी मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या जागी फुलाच्या कळ्या किंवा पाकळ्या पाण्यानं चिकटवतो. मग विचारणाऱ्याच्या वतीनं देवापुढे गाऱ्हाणं घालतो: अमक्या घराण्यातला अमका आलाय, त्याच्या मनात अशी शंका आहे, बरोबर असेल तर उजवी दे. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी बराच वेळ काहीच पडत नाही, मग प्रश्न बदलून विचारतात. या ‘प्रश्न बदलून’मध्ये खरी मेख आहे. धूसर प्रश्नाला कौल मिळत नाही. ‘मला देवानं बोलावलंय का’ असं विचारलं तर पुजारीच म्हणतो, नीट विचार. कशासाठी बोलावलंय, अभिषेकासाठी की राहिलेल्या सेवेसाठी, तुला की तुझ्या भावाला? स्वप्नातला धुरकट इशारा असा हळूहळू हो किंवा नाही म्हणता येईल अशा वाक्यात उतरवावा लागतो. पाकळी पडते ती शेवटी, तोवर माणसाचा अर्धा निर्णय झालेला असतो.

या भागातल्या एका प्रकारच्या स्वप्नाला इतिहासाची किनार आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या प्रदेशातली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा अनेक घराण्यांनी आपले देव उचलून नदीपलीकडे नेले. मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला आला तो असाच. देव हलले, तशी घराणीही पांगली, कुणी कारवार-मंगळूरकडे, कुणी कोचीपर्यंत, कुणी पुढे मुंबईला. चार-पाच पिढ्यांत काही घरांना आपलं कुलदैवत कोणतं हेही आठवेनासं झालं. अशा घरातल्या कुणाला तळी, दीपस्तंभ, माडांची रांग असलेलं अनोळखी देऊळ स्वप्नात दिसलं की घरातले म्हणतात, कुळानं साद घातली. मग शोध सुरू होतो. आडनाव, गोत्र, मूळ गाव, जुन्या लग्नपत्रिकेवरचा ‘प्रसन्न’ आधीचा शब्द, आत्ते-मामेभावंडांकडची कागदपत्रं. इथं सावध राहायला हवं. गोव्यातल्या बहुतेक मोठ्या देवळांपुढे दीपस्तंभ आहे, बहुतेकांना तळी आहे आणि माड तर सगळीकडेच. स्वप्नात दिसलं तेच हे, असं कोणत्याही देवळापुढे उभं राहून वाटू शकतं. म्हणून जाणते लोक खुणेवर विसंबत नाहीत, वंशावळीवर विसंबतात. स्वप्नानं शोध सुरू होतो, पुरावा मात्र कागदानं किंवा महाजनांच्या माहितीनंच मिळतो.

अशा शोधाला लावणाऱ्या स्वप्नांत मराठीच्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं स्वप्न एकनाथांचं. हे त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगितलं आहे, त्यामुळे चरित्रकारांच्या भरीची शंका राहत नाही. त्यात तपशील फार थोडे आणि फार नेमके आहेत. ज्ञानदेव स्वप्नात आले, रूपानं तेजस्वी. म्हणाले, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, तू आळंदीला येऊन ती काढ. नाथ पैठणचे. स्वप्न पडलं म्हणून ते आळंदीला आले, नदीत त्यांना द्वार दिसलं आणि ज्ञानेश्वरांची भेट झाली, असं अभंग सांगतो.

ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली 1296 साली. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली ती शके 1506 म्हणजे 1584 साली. मध्ये जवळजवळ तीनशे वर्षं गेली होती. या तीनशे वर्षांत ग्रंथ हातानं उतरवला जात होता, तोंडानं म्हटला जात होता, आणि नक्कल करणाऱ्यांच्या हातून त्यात चुका आणि पदरच्या ओव्या शिरल्या होत्या. पाठांतरामुळे मूळचा शुद्ध ग्रंथ अशुद्ध झाला, असं नाथांनी आपल्या प्रतीच्या शेवटी लिहून ठेवलं आहे, आणि यापुढे यात कुणी स्वतःची ओवी घालू नये अशी सक्त ताकीदही दिली आहे.

आता स्वप्नातली मुळी पुन्हा बघा. ती पायाला लागली नव्हती, हाताला नव्हती, कंठाला लागली होती. वारकरी कीर्तनकार इथं थांबून सांगतात: कंठ म्हणजे वाणी, मुळी म्हणजे त्या वाणीला पडलेला विळखा, अपपाठांचा. मुळी काढ म्हणजे ग्रंथ सोडव. नाथ समाधीच्या जागी गेले, आणि नंतर त्यांच्या हातून जे घडलं ते संपादनाचं काम. मराठी ग्रंथाच्या पाठशुद्धीचं इतकं जुनं आणि इतक्या जाणीवपूर्वक केलेलं काम आपल्याकडे विरळाच. त्याची सुरुवात भाविक एका स्वप्नात बघतात. अभ्यासक म्हणेल की अशुद्ध प्रती वाचून वाचून नाथांचा जीव आधीच घुसमटला असणार, आणि ती घुसमट गळ्याच्या रूपानं दिसली. म्हणो बापडा. चरकाच्या भाषेत तो या स्वप्नाला अनुभूत म्हणतोय आणि कीर्तनकार भाविक म्हणतोय. आळंदीच्या देवळात अजानवृक्ष आजही आहे आणि त्याच्या सावलीत ज्ञानेश्वरी घेऊन बसलेली माणसं कायम दिसतात.

या स्वप्नातून दृष्टांताची एक कसोटी अशी निघते की भाविकांनी ती कुठं लिहून ठेवली नसली तरी ते ती वापरतात. ज्याला बोलावणं आलं त्याच्याच पदरी काम पडलं पाहिजे. नाथांना देवाचं सुंदर दर्शन देऊन स्वप्न संपलं नाही. त्यांना वर्षानुवर्षांचं कष्टाचं काम मिळालं. तुकोबांनाही स्वप्नात नामदेव भेटले ते पांडुरंगाला बरोबर घेऊन, आणि अभंग रचायचं काम सांगून गेले. त्यांचं गुरूपदेशाचं स्वप्न तर आणखी मनुष्यासारखं आहे. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. स्नानाला जाताना वाटेत बाबाजी भेटले, मस्तकावर हात ठेवला, मंत्र दिला आणि जेवायला पावशेर तूप मागितलं. ते द्यायचं तुकोबा स्वप्नात विसरले, असंही त्यांनी लिहून ठेवलं आहे. स्वप्नात असं होतंच, मधलं काही तरी निसटतं. कुणी नंतर रचून सांगितलं असतं तर ते तूप नक्की दिलं असतं.

बोलावण्याची किंमत सगळ्यांत जास्त मोजली ती मात्र बहिणाबाईंनी. या सतराव्या शतकातल्या, वेरूळजवळच्या देवगावच्या. लहानपणीच वयानं कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न झालेलं, घरावर कर्ज, म्हणून गाव सोडून भटकत भटकत कुटुंब कोल्हापूरला आलं. तिथं एक कपिला गाय दान मिळाली. तिच्या वासराला बहिणाबाईंचा लळा लागला. कीर्तनालाही ते बरोबर असायचं. पुढे कीर्तनाच्या नादापायी नवऱ्यानं त्यांना मारलं, आणि काही दिवसांत ते वासरूही गेलं. बहिणाबाई शुद्ध हरपून पडल्या. त्यातच कार्तिक वद्य पंचमीला, रविवारी, तुकोबा स्वप्नात आले आणि त्यांनी मंत्र दिला. तुकोबांना त्यांनी तोवर पाहिलेलं नव्हतं, फक्त कीर्तनात त्यांचे अभंग ऐकले होते.

ही हकिकत त्यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत स्वतः सांगितली आहे. चरकाला विचारलं तर तो याला श्रुत म्हणेल, किंवा प्रार्थित, आणि निष्फळ म्हणून बाजूला ठेवेल. घरच्या लोकांची अडचण वेगळीच होती. आपण ब्राह्मण, आणि ही स्वप्नात शूद्राकडून अनुग्रह घेऊन बसली! नवरा तिला टाकून निघायच्या बेतात होता. तेवढ्यात तो आजारी पडला, आणि त्या दुखण्यात त्याचं मन पालटलं. मग सगळे देहूला गेले. गायही बरोबर होती. इंद्रायणीवर स्नान करून देवळात आल्या तेव्हा तुकोबा आरती करत होते, आणि जे रूप स्वप्नात पाहिलं तेच समोर दिसलं, असं बहिणाबाई सांगतात. देहूतही सुख नव्हतं. तुकोबांना छळणाऱ्या मंबाजीनं त्यांच्या गाईला मारलं.

या हकिकतीत मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते असं. जागेपणी त्या बाईला गुरू निवडायचा अधिकार नव्हता. नवऱ्याच्या परवानगीशिवाय उंबरठा ओलांडायची सोय नव्हती, आणि खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाचं शिष्यत्व मागणं तर बोलायचीही गोष्ट नव्हती. स्वप्नातल्या अनुग्रहाला कुणाची परवानगी लागली नाही. आजही पुष्कळ घरांत बाई ‘मला चार दिवस कुठं तरी जायचंय’ म्हणाली तर दहा प्रश्न निघतात. ‘आईनं बोलावलंय’ म्हणाली तर फारसा कुणी आडवा येत नाही. हे ती मुद्दाम करते, असं मी म्हणत नाही. तिच्या मनात साठलेल्या जाण्याच्या इच्छेला घरानं मान्य केलेली एकमेव वाट हीच असते, आणि स्वप्न ती वाट बरोबर शोधतं.

याच मान्यतेचा गैरफायदाही घेतला जातो. ‘तुझ्यासाठी मला दृष्टांत झाला’ असं सांगणारा भेटला की जाणता वारकरी सावध होतो. एकनाथांच्या स्वप्नातलं काम एकनाथांचंच होतं, शेजाऱ्याचं नव्हतं. देवाला बोलवायचं असेल तर तो ज्याला बोलावतोय त्याच्या स्वप्नात जाईल, मधल्या माणसाला निरोप्या कशाला करेल? त्यातून दृष्टांताबरोबर पैशांचा आकडा आला, ठरावीक दुकानातून सामान घ्यायची अट आली, किंवा ‘उशीर केलास तर घरात वाईट घडेल’ असा धाक आला, की समजावं ते बोलावणं देवाचं नव्हे. आत्यांनी ‘आठवण केली’ म्हटलं होतं, ‘कोपली’ म्हटलं नव्हतं, तो फरक इथं कामाला येतो. तीच गोष्ट आजारपणाची. तापात, नव्या औषधाच्या गुंगीत, उपासाच्या अशक्तपणात पडलेलं स्वप्न चरक दोषज ठरवतो, आणि औषध बंद करून यात्रेला निघालेल्या माणसाला तर घरातल्या कुणीही भाविकानं आधी दवाखान्यात न्यावं. रात्रीमागून रात्री तेच भयाचं स्वप्न पडत असेल, झोप उडाली असेल, तर तो दृष्टांत म्हणून कुरवाळत बसण्याचा प्रकार नव्हे.

आणि बोलावणं आलं पण पाय चालत नाहीत, त्याचं काय? परंपरेनं याचीही सोय केली आहे. जाणाऱ्याच्या हाती ओटी पाठवता येते, नारळ पाठवता येतो, आणि पाठवणाऱ्याची यात्रा घडली असं धरलं जातं. पंढरपुरात तासन्‌तास पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहता येत नसेल तर मुखदर्शन आहे. तेही जमेना तर महाद्वारातल्या नामदेव पायरीला डोकं टेकवून कळसाकडे बघून परत फिरणारे वारकरी आहेत, आणि आपली वारी उणी राहिली असं त्यांना वाटत नाही.

या बाबतीत चिंचवडच्या मोरया गोसावींची कथा सगळ्यांत बोलकी. ते गणपतीच्या दर्शनाला चिंचवडहून मोरगावला जायचे. वय झालं, चालणं होईना, तरी नेम सोडवेना. तेव्हा मोरेश्वर स्वप्नात आला आणि म्हणाला, आता तू येऊ नकोस, मीच तुझ्याकडे येतो. पुढे मोरगावला कऱ्हा नदीत स्नान करताना त्यांच्या ओंजळीत गणपतीचा तांदळा आला, तो त्यांनी चिंचवडला आणून बसवला. म्हणजे बोलावण्याच्या स्वप्नांच्या या सगळ्या परंपरेत ‘येऊ नकोस’ सांगणारंही एक स्वप्न आहे, आणि भाविकांनी ते तितक्याच मानानं सांभाळलं आहे. म्हाताऱ्या भक्ताची चाल थांबली, पण वारी थांबली नाही. भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मंगलमूर्तीची पालखी मोरगावला जाते, आणि ज्यांना कसलंच स्वप्न पडलेलं नाही असे पुष्कळ लोक तिच्या मागून चालतात.